‘मले दावा करता येते का...’

फोन आला तेव्हा ताई रजिस्टर लिहीत होत्या. पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, “मॅडम, मले दावा करता येते का...” आणि आवाज गेला. ताईंनी दोनदा उलट फोन लावला, लागला नाही. जिवतीच्या डोंगरावर हे रोजचंच. गुड्यावर रेंज सगळीकडे नसते. माणूस टेकाडावरच्या ठरलेल्या जागी चालत जातो, फोन उंच धरून उभा राहतो आणि मग बोलतो. तो पुन्हा लावणार हे नक्की होतं, आणि लागला तरी मिनिटभरच लागणार हेही.

खोलीत आम्ही तिघं होतो. ताई बरीच वर्षं वनहक्काचे दावे भरून देतात. काकाजी निवृत्त तलाठी, सगळी नोकरी याच भागात झालेली, आता ताईंकडे येऊन जुने कागद वाचून देतात. मी पाहुणा. त्या मिनिटात पहिला प्रश्न कोणता विचारायचा, यावर दोघांचा वाद सुरू झाला आणि तो मला इतका मोलाचा वाटला की मी वही काढली.

काकाजी म्हणाले, “पहिले जमात विचार. बाकी सगळं मागून.”

“काकाजी, ‘हॅलो’च्या जागी जात विचारली की समोरचा गप्प होतो. त्याला वाटतं, इथंही आपल्याला चाळायलाच बसलेत.”

“वाटू दे. कायदाच तिथून दोन वाटा फोडतो, त्याला तू काय करशील? समजा तो कोलाम आहे, गोंड आहे, परधान आहे. त्याला एवढंच दाखवायचं, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती वनजमीन त्याच्या घरच्यांच्या कसवणुकीत आहे. जेवढी कसतो तेवढी, जास्तीत जास्त चार हेक्टर. संपलं. पण तो बंजारा असेल, मराठा असेल, बौद्ध असेल, तर त्याच तारखेच्या मागे तीन पिढ्या मोजायच्या. पिढी पंचवीस वर्षांची धरतात. म्हणजे पंच्याहत्तर वर्षं, म्हणजे १९३०. आता तू सांग, बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून बैलगाडी जुंपून आलेला माणूस १९३० चं काय दाखवणार? त्याला जमात न विचारता ‘हो, येतो दावा करता’ म्हटलंस, तर तो चार वेळा तहसीलला जाईल, फोटो काढेल, मजुरी बुडवेल आणि शेवटी नामंजूर.”

काकाजींचं हे म्हणणं हलकं घेण्यासारखं नव्हतं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नावातच हे दोन गट आहेत, अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी. जिवती तालुक्यात हे दोन्ही गट एकाच पाणंदीवर राहतात, एकाच विहिरीचं पाणी पितात आणि एकाच जंगलाच्या कडेला कापूस पेरतात.

पण ताईंनी त्यात एक दुरुस्ती केली, आणि ती फार कमी जण करतात. “पंच्याहत्तर वर्षं कशाची, ते तरी नीट सांगा. ती त्या शेताची नाहीत. ती जंगलात राहण्याची आणि जंगलावर पोट असण्याची आहेत. शेतावरचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला की पुरे, तो दोघांनाही सारखाच. लोक काय करतात, गैरआदिवासी म्हातारा आला की विचारतात, हे शेत तुझ्या आजानं नांगरल्याचा कागद आण. असा कागद कायदा मागतच नाही.”

“बरं, राहण्याची म्हण. तरी जमात कळल्याशिवाय तो प्रश्नच उभा राहत नाही.”

“आणि गाव कळल्याशिवाय जमात उभी राहत नाही,” ताई म्हणाल्या. “फोन महाराजगुड्यावरून असला तर? परमडोलीवरून असला तर?”

काकाजी यावर हसले नाहीत, मान हलवली. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. जिवतीच्या सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगत आले आहेत. तिथल्या अनेकांकडे दोन मतदार ओळखपत्रं आहेत, दोन रेशनकार्डं आहेत. महाराजगुड्यात तर एका घराच्या मधून सीमा गेल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये देशभरच्या बातम्यांत आलं होतं. काही खोल्या इकडे, स्वयंपाकघर तिकडे, आणि घरपट्टी दोन्हीकडे. मूळ गोष्ट जुनी आहे. राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो इकडे आला, आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांद्यात. आजची जिवती त्याच जुन्या राजुऱ्याची.

“बंजाऱ्याचंच घ्या,” ताई म्हणाल्या. “इकडे तो विमुक्त जातीत. ओढा ओलांडला की तिकडे १९७६ च्या दुरुस्तीपासून लंबाडा अनुसूचित जमातीत. आणि वनहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे, ज्या राज्यात, ज्या भागात ती जमात अनुसूचित म्हणून जाहीर आहे, तिथंच तिला आदिवासी म्हणून हक्क. म्हणजे तोच माणूस, तीच जात, आणि पंच्याहत्तर वर्षं लागणार की नाहीत हे ठरणार जमीन कोणत्या बाजूला आहे त्यावर. तुम्ही जात विचारून मोकळे व्हाल आणि चुकीचं उत्तर द्याल.”

“मग तू काय विचारशील?”

“गाव. त्यानंतर जागा. ती जागा वनाची आहे का, आणि २००५ ला ती कोण नांगरत होतं.”

“जागा वनाची आहे का, हे तू त्याला विचारणार?” काकाजींचा आवाज पहिल्यांदा चढला. “अगं बेटा, ते मला तलाठी असून ठामपणे सांगता आलं नाही. या तालुक्यात एकच जमीन महसूल आपली म्हणतो आणि वनखातं आपली म्हणतं. पट्टा आहे, शेतसारा भरलाय, आणि तरी वर नोंद वनाची. हा घोळ त्या बिचाऱ्यानं फोनवर सोडवायचा? जो प्रश्न विचारल्यावर समोरचा ‘माहीत नाही’ म्हणणार, तो पहिला प्रश्न कसा होईल? जमात त्याला माहीत असते. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.”

हा मुद्दा मी वहीत अधोरेखित केला. पहिला प्रश्न असा हवा की विचारला जाणारा माणूस कोणालाही न विचारता त्याचं उत्तर देऊ शकेल.

ताई थोडा वेळ गप्प होत्या. मी मध्ये पडलो, खरं तर माझ्या अज्ञानामुळे. विचारलं, “पण तो वनहक्काचंच विचारतोय, हे कशावरून?”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

ताई सावकाश म्हणाल्या, “कशावरूनच नाही. मला फोन केला म्हणून आपण धरून चाललो.” आणि मग त्या बोटांवर मोजू लागल्या. दावा पीक विम्याचाही असतो. परवा रात्री वरच्या अंगाला गारा पडल्या होत्या. तो त्याचं विचारत असेल तर तेव्हा नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत कळवावं लागत होतं. तेंदूपत्त्याचं किंवा बांबूचं विचारत असेल तर त्याला एकट्याला तो दावा करताच येत नाही, तो गावाचा. ‘नमुना-अ’ एका कुटुंबाच्या शेताचा, ‘नमुना-ब’ गावाच्या वापराच्या हक्कांचा, ‘नमुना-क’ गावानं जंगल राखण्याचा. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये मिळाला तो गावाचा हक्क. आणि शेताचा दावा असेल तर कायद्यात शेवटची तारीख नाही. ग्रामसभा तीन महिन्यांची मुदत देते, कारण लिहून ती वाढवूही शकते.

“थांब,” काकाजी म्हणाले. “हे परत सांग. एकाला बहात्तर तास, एकाला मुदतच नाही.”

“हो.”

“म्हणजे नवा दावा असेल तर आज नाही झालं तर पुढच्या आठवड्यात. जमात तीच राहणार, गाव तेच, २००५ ची तारीख काही हलत नाही.”

“पण नामंजूर झालेला असेल तर मुदत पळते,” ताई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांनी पेन उचललं. “मग साठ दिवस.”

तेवढ्यात फोन वाजला.

ताईंनी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, गावही नाही. म्हणाल्या, “भाऊ, कशाचा दावा? आणि तुमच्या हातात काही कागद आलाय का?”

“आला ना मॅडम. शेताचा. मागं भरलेला. आता परत करता येते का, तेच पुसत होतो.”

तुटलेल्या वाक्यातला हरवलेला शब्द हा होता. ‘परत’. मला तेव्हा काकाजींचा चेहरा पाहावासा वाटला. त्यांचा प्रश्न विचारला असता तर उत्तर आलं असतं ‘कोलाम’, कारण तो कोलामच निघाला. ताईंचा विचारला असता तर गाव आपल्याच बाजूचं, जमीन बापाच्या वेळेपासूनची. दोन्ही वेळा आम्ही त्याला म्हणालो असतो, हो, येतो, नवा नमुना-अ भरा. उत्तर खोटं नव्हतं. पण तो नवा अर्ज घेऊन महिनाभर फिरत राहिला असता आणि जुन्या नकाराची मुदत मागं संपून गेली असती.

“कागदावर तारीख काय आहे? वाचा सावकाश. खाली सही कोणाची?”

तो अक्षर अक्षर लावून वाचत होता. मध्येच कोणा पोरीचा आवाज आला, बहुतेक मुलगी, आणि मग तिनंच वाचलं. ग्रामसभेचा ठराव. तारीख सात आठवड्यांपूर्वीची. कागद हातात मिळून पंधरा दिवस झालेले. कारण एका ओळीचं होतं, तीन पिढ्यांचा पुरावा जोडलेला नाही.

“कोलामाला तीन पिढ्या?” काकाजी इतक्या मोठ्यानं म्हणाले की ते पलीकडं ऐकू गेलं असणार.

ताईंनी एवढंच सांगितलं, “नवा फॉर्म भरू नका. तो कागद आणि हजेरीची नक्कल घेऊन बाजाराच्या दिवशी या. कागद ज्या दिवशी हातात आला ती तारीख पोरीला मागच्या बाजूला लिहून ठेवायला सांगा.” आणि रेंज गेली.

मग उरलेली दुपार या एका ओळीवर गेली. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंडांच्या बरोबरीची. तिला पंच्याहत्तर वर्षांची अट लागूच नाही. मग ती ओळ आली कुठून? ताईंनी फायलीतून नमुना-अ काढून माझ्यापुढे ठेवला. त्यात नाव, जोडीदाराचं नाव, पत्ता, गाव झाल्यावर एक जागा येते. अनुसूचित जमात, होय की नाही, प्रमाणपत्राची प्रत जोडा. त्याच्याच खाली, इतर पारंपरिक वननिवासी, होय की नाही. “ज्यानं पहिल्या ठिकाणी खूण केली पण प्रमाणपत्र जोडलं नाही, त्याचा अर्ज कधी कधी आपोआप दुसऱ्या रांगेत जाऊन बसतो,” ताई म्हणाल्या. “गावातले सगळे त्याला कोलाम म्हणून ओळखतात. अर्ज तपासणारा कागद पाहतो. कागदावर जमात दिसली नाही की तो तीन पिढ्या मागतो.”

“आणि प्रमाणपत्र का नसतं, ते माझ्याकडून ऐका,” काकाजी म्हणाले. “अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० ची तारीख धरतात. त्या दिवशी तुझं कुटुंब कुठं होतं त्याचा पुरावा आण म्हणतात. त्या दिवशी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. जुनी दप्तरं आदिलाबादकडची, कितीतरी उर्दूत. कोलाम तर डोंगरावर राहणारा, त्याचं नाव कोणत्या दप्तरात असणार? शाळेत गेलेला पहिला माणूस आजचा. म्हणून मी म्हणत होतो, जमात पहिले विचार. नुसती विचारू नको, दाखला आहे का तेही विचार.”

ते खरंच होतं, आणि ताईंनी ते मान्यही केलं. पण पुढं काय करायचं यावर दोघं पुन्हा दोन दिशांना गेले. काकाजींचं मत, आधी जातीचा दाखला काढून घ्यावा, म्हणजे ठरावाविरुद्धचा अर्ज पक्का होईल, कोणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. ताईंचं मत, अकरा दिवसांत दाखला निघणार नाही. अर्ज तो येईल त्याच दिवशी लिहायचा, उपविभागीय समितीकडे द्यायचा, पोच घ्यायची. भावाचा किंवा चुलत्याचा दाखला असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडायची, याचा स्वतःचा मागून द्यायचा.

मला ताईंचं पटलं. कारण साठ दिवसांनंतर आणखी तीस दिवस देता येतात, पण ते समितीच्या मर्जीवर. मर्जीवरचे दिवस स्वतःचे म्हणून मोजू नयेत. कागद उशिरा हातात आला हे सांगता येतं, म्हणूनच ताईंनी ती तारीख मागं लिहायला लावली. पण मोजताना ताई ठरावावरचीच तारीख धरतात. ग्रामसभेचा ठराव असेल तर साठ दिवसांत उपविभागीय समिती. नकार उपविभागीय समितीकडून आला असेल तर तेवढ्याच दिवसांत जिल्हास्तरीय समिती. जिल्हास्तरीय समितीचाच नकार असेल तर अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेपासून विभागीय समितीचं दार आहे. म्हणून तारखेच्या पाठोपाठ सहीचा प्रश्न. सही कोणाची हे कळल्याशिवाय कोणतं दार ठोठावायचं ते कळत नाही.

नामंजुरीचा कागद घरात पडू देण्यात केवढा धोका आहे, हे २०१९ मध्ये सगळ्या देशानं पाहिलं. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली, आणि राज्यांना दावे कोणत्या पद्धतीनं फेटाळले ते सांगायला लावलं. त्या पंधरा दिवसांत ताईंच्या फोनला विसावा नव्हता. लोक एकच विचारत होते, आपलं नाव ‘त्यात’ आहे का. आणि बहुतेकांना आपला दावा मंजूर आहे, नामंजूर आहे की पडून आहे, एवढंही ठाऊक नव्हतं. तपासणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातून काढता येत नाही, हे कायद्यात आहे. पण तपासणी अजून चालू आहे हे दाखवायला पोचेचा कागदच लागतो.

पुराव्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. नियमात यादी लांब आहे, आणि त्यातले एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती, शेतातले बांध, जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा, दावेदार नसलेल्या म्हाताऱ्याचं लेखी निवेदन. वनखात्यानं पूर्वी फाडलेली दंडाची पावतीही काकाजींनी जपून ठेवायला सांगितली. अतिक्रमणाची म्हणून दिलेली ती पावती, पण त्यावर वर्ष असतं, आणि ते वर्ष २००५ च्या आधीचं असेल तर तीच ताबा दाखवते. उपग्रहाचं चित्र पुराव्याला जोड म्हणून चालतं, त्याच्या जागी नाही. चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला असं कोणी सांगितलं, तर ते कारण एकट्यानं पुरं पडत नाही.

बाजाराच्या दिवशी तो आला. बरोबर मुलगी होती, आठवीतली. ठराव प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, मागं तिच्या गोल अक्षरात तारीख. ताई अर्जाचा मसुदा लिहायला बसल्या. काकाजींनी हजेरीची नक्कल उजेडात धरली. दाव्यांवर ठराव करणाऱ्या ग्रामसभेला गावातल्या मतदारांपैकी निम्मे लोक हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, आणि दावेदारांपैकी निम्मे.

“गुड्यावर मतदार किती रे?” त्यांनी विचारलं.

त्यानं मुलीकडं पाहिलं. तिनं सांगितलं. काकाजींनी आकडा कोपऱ्यात लिहिला, चष्मा वर सरकवला आणि पहिल्या ओळीपासून अंगठे मोजायला लागले.